अनुभवपत्रातलं सातवं काम

मावशींना रक्ताची किळस कधी आली नाही. पू, चरबी, चिमट्याच्या दातांत अडकलेले केस, कात्रीच्या सांध्यात वाळून काळं पडलेलं काहीबाही, सगळं त्यांनी बिनतक्रार घासलं. ऑपरेशनची हत्यारं तळमजल्यावरच्या धुण्याच्या खोलीत उतरत, तेव्हा नव्याने कामाला लागलेल्या बायका नाकाला हात लावून बाहेर पळत आणि मावशी हातमोजे चढवून सिंकसमोर उभ्या राहत. त्यांना किळस यायची ती माणसांची, आणि त्यातही स्वच्छ नखं असलेल्या माणसांची. ही गोष्ट तसल्याच एका किळसेची आहे. ज्यांना जेवायचं असेल त्यांनी आधी जेवून घ्यावं.

मावशींचं खरं नाव फक्त पगारपत्रकात होतं. एरवी सर्जन, नर्सा, लिफ्टवाला, एवढंच काय सत्तरीचे पेशंटसुद्धा त्यांना मावशी म्हणत. नाव विचारायचे कष्ट वाचतात आणि वर आपण फार आपुलकीने वागलो असं समाधानही मिळतं, असा हा दुहेरी फायदा. पगारपत्रकात नावापुढे हुद्दा होता 'आया'. नऊ वर्षांत मावशींनी एकाही पेशंटची चादर बदलली नव्हती की एकालाही पाणी पाजलं नव्हतं, पण हुद्दा आया. हॉस्पिटल चाळीस खाटांचं, एका सर्जनच्या मालकीचं. तिथे निर्जंतुकीकरणाचं काम करणारा माणूस हवा होता, पण तो हुद्दा कागदावर नको होता. कारण हुद्दा आला की शिक्षण विचारतात आणि शिक्षण आलं की पगार.

काम त्यांना शिकवलं ते एका म्हाताऱ्या सिस्टरने. निवृत्तीला सहा महिने राहिलेली, तोंडाने फटकळ, पण कामात चोख. ब्रश पाण्याच्या आत धरून घासायचा, वर नाही, नाहीतर शिंतोडे तोंडावर. सांधा असलेलं हत्यार उघडूनच भिजवायचं. सुकवल्याशिवाय पॅक करायचं नाही. वाफेच्या मशीनमध्ये एकशे चौतीस अंश, आणि दार उघडल्यावर पाकिटावरच्या पट्टीच्या रेघा काळ्या झाल्या नसतील तर सगळा माल परत आत. आणि प्रत्येक खेपेला वही: खेप नंबर, तारीख, तापमान, दाब, वेळ, काय काय होतं, तपासलं कोणी. शेवटी सही. सिस्टर म्हणायची, "लिहिलं नाही ना, तर ते केलंच नाही असं समज." मावशींनी हे वाक्य मनात असं पक्कं बसवलं की घरी डाळ निवडून झाली तरी कुठेतरी सही करावी असं त्यांना वाटायचं. ह्या सवयीनेच पुढे सगळा घोळ घातला.

दर अकरा महिन्यांनी मॅनेजर त्यांना आठ दिवस घरी बसवी आणि नव्याने कामावर घेतल्याचा कागद देई. म्हणजे माणूस कायम होत नाही. दहाव्या वेळी त्याने सांगितलं, "मावशी, ह्या वेळी ब्रेक जरा लांबवू." तो लांबला तो लांबलाच. मावशींनी तीन महिने वाट पाहिली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या हॉस्पिटलात अर्ज टाकला.

तिथे निर्जंतुकीकरणाचा अख्खा विभाग होता. घाण माल येण्याचं दार वेगळं, स्वच्छ माल जाण्याचं वेगळं. हत्यारं बघायला दिव्याचं भिंग, नळ्या सुकवायला हवेची तोटी. मावशी पहिल्या दिवशी ती तोटी हातात घेऊन उगाचच दोन मिनिटं हवा सोडत बसल्या. इन्चार्ज सिस्टर उंच, चष्मेवाली, शब्द मोजून वापरणारी बाई. तिने आठ महिने मावशींचं काम पाहिलं आणि एक दिवस बोलावून घेतलं.

"मावशी, ह्या विभागात ज्यांच्याकडे निर्जंतुकीकरण परिषदेचं प्रमाणपत्र नाही त्यांना पुढच्या तिमाहीपासून ठेवता येणार नाही. वरून आलंय. परीक्षेचा अर्ज ह्या महिन्याच्या एकतीस तारखेपर्यंत जायला हवा. तुमचं शिक्षण कमी आहे, पण अनुभव पाच वर्षांच्या वर असेल तर चालतं. फक्त तो कागदावर हवा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुम्हाला वॉर्डात फरशी पुसायला पाठवतील. माझ्या हातात नाही."

फरशी पुसण्याची त्यांना लाज नव्हती, पण पन्नाशीला आल्यावर येत असलेलं काम सोडून पुन्हा बादली उचलायची, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून त्या जुन्या हॉस्पिटलात गेल्या. मॅनेजरने दहा मिनिटांत कागद हातात ठेवला. लेटरहेडवर चार ओळी: अमुक बाई आमच्याकडे आया म्हणून कामाला होत्या, वागणूक चांगली होती, त्यांच्या पुढील आयुष्यास शुभेच्छा. तारखा फक्त शेवटच्या अकरा महिन्यांच्या. मावशी आनंदाने तो घेऊन आल्या. इन्चार्ज सिस्टरने तो वाचला आणि दोन बोटांत धरून परत केला, जसा कोणी मळका रुमाल परत करावा.

"ह्या शुभेच्छा आहेत, अनुभवपत्र नाही. हुद्दा काय होता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पूर्ण वेळ की अर्धा, आठवड्याला किती तास, आणि काय काय कामं करत होता ती एकेक करून. खाली तुमचं काम बघणाऱ्या डॉक्टरांची सही, शिक्का, फोन, ईमेल. परिषदेचे लोक तिथे विचारणा करतात. तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या. आणि कामांची यादी तुम्हीच जोडा. त्यांना आठवणार नाही आणि लिहायला वेळही नसेल. अर्जाची एक प्रत शिक्का मारून घ्या, म्हणजे मिळालाच नाही असं म्हणता येत नाही."

त्या संध्याकाळी मावशी आणि त्यांची लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. लेक एका कुरिअर कंपनीत टायपिंगच्या कामाला होती आणि आईपेक्षा दुप्पट फटकळ होती.

"माननीय महोदय लिहू?"

"लिही."

"माननीय कसले, आठ आठ दिवस घरी बसवणारे."

"तू लिही गं. कागदाला राग नसतो."

दहा नेमणुकींच्या दहा तारखा मावशींकडे होत्या. सगळे कागद त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले होते. मग कामं आली. मावशी डोळे मिटून सांगू लागल्या, जणू सिंकसमोरच उभ्या होत्या. एक, वापरलेली हत्यारं मोजून ताब्यात घेणं. दोन, औषधी पाण्यात भिजवून ब्रशने धुणं. तीन, सुकवणं आणि तपासणं. चार, संच लावून पॅक करणं. पाच, वाफेच्या मशीनची खेप लावणं आणि दर आठवड्याला जंतूंची चाचणी. सहा, साठवण आणि वाटप. सात.

"सात काय?"

"एकदा वापरलेल्या, शरीरात घालायच्या बारीक नळ्या, तारा, टोकाला फुगा असलेल्या नळ्या धुऊन, सुकवून, गॅसच्या मशीनमध्ये निर्जंतुक करून नव्या पाकिटात बंद करणं."

हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला. कारण ते सगळ्यांत कसबाचं काम होतं. पेनाच्या रिफिलपेक्षा बारीक नळी. तिच्यातून पिचकारीने पाणी मारायचं, एकदा, दहादा, वीसदा, मग हवा. प्लास्टिक वाफेत वितळतं म्हणून गॅस. गॅसनंतर रात्रभर वारा द्यायचा. हे काम हॉस्पिटलात फक्त मावशींना जमायचं. मोठ्या हॉस्पिटलात त्या नळ्या एका वापरानंतर सरळ कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जात. मावशींना ती श्रीमंतांची उधळपट्टी वाटायची.

लेकीने टाइप केलं. मावशींनी सही केली. जुन्या हॉस्पिटलच्या आवक खिडकीवर क्लार्कने न वाचता नंबर टाकला, शिक्का मारला, एक प्रत मावशींना परत दिली. त्या दिवशी महिन्याची नऊ तारीख होती.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. डॉक्टर बाहेरगावी आहेत. फाईल डॉक्टरांच्या टेबलावर आहे. फाईल टेबलावरून मॅनेजरकडे आली आहे. मॅनेजर जेवायला गेला आहे. ह्या माणसाचं जेवण तीन तास चालायचं. अठरा तारखेला तो मावशींना जिन्यात सापडला तेव्हा दात कोरत म्हणाला, "होईल हो मावशी, एवढी घाई काय. तुम्हाला कुठे कलेक्टर व्हायचंय." वर स्वतःच हसला. मावशींच्या डोक्यात तिडीक गेली, पण गरज आपली होती. त्याही हसल्या, आणि जिना उतरताना ते हसू त्यांना जिभेवर कडू लागलं.

सत्तावीस तारखेला फोन आला. मॅनेजरचाच, पण आवाज साखरेत घोळलेला. "मोठे डॉक्टर स्वतः भेटू म्हणतायत. गाडी पाठवू का?"

नऊ वर्षांत ज्या माणसाने कधी त्यांच्यासाठी लिफ्ट थांबवली नव्हती, तो गाडी पाठवणार होता. मावशी बसने गेल्या.

मोठ्या डॉक्टरांची, म्हणजे मालक सर्जनची, केबिन त्यांनी आधी एकदाच पाहिली होती, तीही दारातून. आत भिंतभर मानपत्रं, काचेच्या कपाटात चषक, आणि टेबलावर त्यांचा अर्ज. डॉक्टर उठून उभे राहिले.

"या, बसा ना बाई. चहा सांगितलाय तुमच्यासाठी."

हा माणूस त्यांना 'ए मावशी, दोन नंबरचा ट्रे कुठाय' असंच बोलत आला होता. आता बाई, आणि तुम्ही. मावशींना खुर्चीत टेकवेना. आपलं काहीतरी भयंकर चुकलंय, अशीच त्यांची खात्री झाली.

"हा अर्ज तुम्हाला कोणी लिहून दिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच सांगितला. मुलीने टाइप केला."

"मुलगी काय करते? वकिली वगैरे?"

"नाही हो. कुरिअरमध्ये आहे."

डॉक्टरांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने छताकडे.

"तुमची अपेक्षा काय आहे, ते स्पष्ट सांगा."

"अनुभवपत्र हवंय."

"ते झालंच म्हणून समजा. आणखी?"

"आणखी काही नको. तेवढं एकतीसच्या आत."

डॉक्टरांनी अर्ज उलटून मागची बाजू पाहिली. मावशींना वाटलं, आपण जास्त घाई केली. मग मॅनेजर पुढे झुकला. "मावशी, ते सात नंबरचं काय?"

"त्यात काय चुकलं? खोटं नाही काही. हवं तर वही काढून बघा. नऊ वर्षांची खेप न् खेप लिहिलेली आहे. कोणती नळी किती वेळा आली, तेसुद्धा आहे."

दोघांचेही चेहरे उतरले. मावशी धमकी देत नव्हत्या. आपण काम चोख केलं एवढंच त्या सांगत होत्या. पण त्या जितक्या सरळ बोलत होत्या तितकं समोरच्यांना ते तिरकं ऐकू येत होतं. ज्यांनी आयुष्यभर आडून बोलायचंच शिकून घेतलंय, त्यांना सरळ बोलणारा माणूस महाबिलंदर वाटतो.

शेवटी डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, त्या वस्तू एकदाच वापरायच्या असतात. कंपनीच्या पाकिटावर तसं चिन्ह असतं. दोनचा आकडा आणि त्यावर आडवी रेघ."

मावशींना तो आकडा आठवला. हजारो पाकिटांवर पाहिला होता. पहिल्या वर्षी त्यांनी मॅनेजरला विचारलंही होतं, हे काय. तो म्हणाला होता, साइज आहे.

"मग तुम्ही खाली का पाठवत होतात?" त्यांनी विचारलं.

मॅनेजर पुटपुटला, "सगळीकडे करतात हो." पेशंटच्या बिलात मात्र दर वेळी नव्या नळीचे पैसे लागायचे हे मावशींना माहीत नव्हतं, तेही त्याच्याच तोंडून निसटलं. डॉक्टरांनी त्याला हाताने थांबवलं.

चहा आला होता. मावशींनी घोट घेतला आणि तो तोंडातच फिरत राहिला. त्यांना त्या बारीक नळ्या दिसू लागल्या. दिव्यासमोर धरून त्या बघायच्या, पाणी स्वच्छ येतंय ना, आणि वहीत लिहायच्या: तपासलं, ठीक. पण आतून नळी कोणाला दिसते? ते त्यांना तेव्हाही कळत होतं. नळी बाहेरून पांढरी दिसली की त्या पुढची उचलत. नळ्या खाली येत, माणसं वरच राहत. कोणाला थंडी वाजून ताप आला, कोण दोन दिवस जास्त राहिला, कोण घरी गेलाच नाही, हे तळमजल्यावर कधी कळत नसे. नऊ वर्षं ज्या कामाचा त्यांना सगळ्यांत जास्त अभिमान होता, त्या कामाचीच त्यांना शिसारी आली.

"आम्ही काय करतो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला एकदम छान पत्र देतो. हुद्दा निर्जंतुकीकरण साहाय्यक. सुपरवायझर लिहायचं का? लिहू. मधले ब्रेक काढून सलग नऊ वर्षं. कामं एक ते सहा, तुमच्याच शब्दांत. तुम्ही फक्त नवा अर्ज द्यायचा, सहा कामांचा. आणि शिक्क्याची ती प्रत परत करायची."

"आणि नाही दिली तर?"

"तर वही निघेल. तुम्हीच म्हणालात, सगळं लिहिलंय." डॉक्टर हसले नाहीत, हसले असते तर मावशींना बरं वाटलं असतं. "आणि वहीत सही कोणाची आहे, बाई?"

मावशी उद्या येते म्हणून उठल्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये मॅनेजर त्यांच्याबरोबर दारापर्यंत आला, हेही पहिल्यांदाच. "मावशी, तुम्ही आमच्या घरच्यासारख्या," तो म्हणाला. मावशींना वाटलं, ह्याच्या तोंडात ब्रश घालावा, पाण्याच्या आत धरून.

घरी लेक खवळली. "प्रत देऊ नकोस. तक्रार कर. फोटो काढून पाठव सगळीकडे." नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर, दिवसभर चाळीस पोरांचा कलकलाट ऐकून आल्यावर तो घरी फार बोलत नसे. तो म्हणाला, "चौकशी झाली की डॉक्टर सांगेल, मला माहीतच नव्हतं, खाली ती बाई काय करायची. वहीवर त्याची एक तरी सही आहे का?"

नव्हती. नऊ वर्षांत एकदाही डॉक्टर वही बघायला खाली आले नव्हते.

"म्हणजे बाबा, सोडून द्यायचं?"

"मी कुठे म्हटलं सोड. मी विचारलं, सही कोणाची."

लेक तणतणत आत गेली. मावशींनी शिक्क्याची प्रत डब्यातून काढली, वाचली, पुन्हा आत ठेवली. खरं सांगायचं तर ते सातवं काम त्यांनी कोणाला उघडं पाडायला लिहिलंच नव्हतं. पण आता ते कळल्यावर पुसून टाकायचं, म्हणजे कळलंच नाही असं धरायचं. त्या बराच वेळ बसून राहिल्या. तक्रार करावी तर प्रमाणपत्र गेलं, नोकरी गेली, आणि पहिलं बोट आपल्याकडे. गप्प बसावं तर त्या नळ्या आजही खाली येत असतील, आणि आता त्यांच्या जागी कोणीतरी दुसरी सिंकसमोर उभी असेल. दोन्हीकडे घाणच होती, आणि हात कोणत्या घाणीत घालायचा, एवढंच मावशींना ठरवायचं होतं.

अठ्ठावीस तारखेला सकाळी त्या गेल्या. नवा अर्ज मॅनेजरच्या संगणकावर तयारच होता, सहा कामांचा. मावशींनी सही केली. मॅनेजरने तारखेच्या शिक्क्याची चाकं नखाने मागे फिरवली, नऊ तारीख आणली आणि जुन्याच आवक नंबराखाली शिक्का मारला. शिक्का जरा तिरका उमटला तर त्याने दुसऱ्या कागदावर पुन्हा मारून पाहिला. खोट्यातही त्याला टापटीप हवी होती. मावशींची प्रत त्याने कागद फाडायच्या यंत्रात घातली, आणि डॉक्टरांनी अनुभवपत्राचा मसुदा पुढे ओढला.

"सुपरवायझर लिहू नका," मावशी म्हणाल्या. "मी नव्हते."

"बरं," डॉक्टर म्हणाले. तेवढं एक त्यांनी ऐकलं, पत्र छापून घेतलं, सही केली आणि स्वतःच्या हाताने लिफाफा बंद केला.

पत्र खरंच सुरेख होतं. हुद्दा, सलग तारखा, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, सहा कामं एकाखाली एक. हुद्दा आणि तारखांमधले आठ आठ दिवस सोडले तर त्यात खोटा एकही शब्द नव्हता. परीक्षेचा अर्ज तीस तारखेला गेला. अर्जाच्या शेवटी छापलेलं होतं: वरील माहिती खरी आणि पूर्ण आहे. मावशींनी खाली सही केली. पेन नीट चाललं.

परिषदेने फोन करून विचारणा केली, तेव्हा मॅनेजरने म्हणे मावशींची इतकी स्तुती केली की पलीकडची बाई म्हणाली, असं माणूस तुम्ही सोडलंत कसं. दोन महिन्यांनी परीक्षा झाली. त्याआधी इन्चार्ज सिस्टरने वर्ग घेतले. एका वर्गात तिने तो आकडा फळ्यावर काढला, दोन, आणि त्यावर रेघ मारली. "तुमच्यापैकी कोणी अशा ठिकाणी काम केलंय का, जिथे ह्या वस्तू परत वापरायचे?" तिने विचारलं. बाकावर अकरा जण होते, बहुतेक सगळे लहान हॉस्पिटलांतून आलेले. एकही हात वर झाला नाही. मावशींनी आजूबाजूला पाहिलं. सगळे जण फळ्याकडे फार लक्ष देऊन बघत होते. ह्या अकरा जणांची मावशींना जी किळस आली तीत त्यांनी स्वतःलाही धरलं, पहिल्या नंबरावर.

मावशी पास झाल्या. विभागाच्या दारावर त्यांचं खरं नाव लागलं, हुद्द्यासकट. लेकीने पाटीचा फोटो काढला. आणि इन्चार्ज सिस्टर, जी कौतुक जपून करायची, ती म्हणाली, "मावशी, इतकं नीट अनुभवपत्र मी आजवर पाहिलं नाही. पुढच्या तुकडीला नमुना म्हणून हेच देते. आणि त्यांच्या याद्या आधी तुम्हीच तपासत जा. तुम्हाला कामाची क्रमवारी बरोबर माहीत आहे."

पत्राच्या छायाप्रती निघाल्या. नाव आणि तारखा झाकून, सहा कामं तशीच ठेवून.

पुढच्या तुकडीत एक टकलू, पन्नाशीचा गृहस्थ होता. वीस वर्षं एका दाताच्या आणि हाडांच्या दवाखान्यात हत्यारं धुतलेला, हात सुरकुतलेले, बोलायला संकोची. दुपारच्या सुट्टीत तो मावशींच्या टेबलाशी आला आणि वहीतून फाडलेला कागद पुढे ठेवला. जुन्या मालकाला द्यायचा अर्ज होता, उद्याच द्यायचा. कामं स्वच्छ अक्षरात, नंबर घालून. मावशींनी वाचायला सुरुवात केली. पाचव्या नंबरावर त्याने लिहिलं होतं: एकदा वापरलेली ड्रिलची टोकं आणि नळ्या घासून, धार बघून, पुन्हा पाकिटात बंद करणे.

"बाकी सगळं ठीक आहे," मावशी म्हणाल्या. "हे पाचवं काढा."

"का बरं? चुकीचं लिहिलंय?"

"पत्र मिळायचं नाही."

तो कागदाकडे बघत राहिला. "पण ताई, मी ते रोज करत होतो. त्याला फार नजर लागते. माझा त्यात कोणी हात धरू शकायचा नाही."

मावशींनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग पेन उचललं आणि पाचव्या ओळीवर रेघ मारली. "खालचे नंबर बदला," त्या म्हणाल्या, "आणि नव्या कागदावर लिहा, म्हणजे खोडलेलं दिसत नाही."